थांबलं म्हणजे बिघडलं नव्हे

ऑटोमॅटिक घड्याळाच्या तक्रारी साधारण तीन असतात. काढून ठेवलं की सकाळी बंद पडलेलं असतं. अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे पळायला लागतं. नाहीतर वर्षा-दोन वर्षांत हळूहळू ढेपाळत जातं. या तिन्हींवर दुकानात बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं, "सर्व्हिसिंग करावं लागेल." प्रत्यक्षात पहिली तक्रार बहुधा घड्याळाची नसून मनगटाची असते, दुसरीमागे चुंबक असण्याची शक्यता मोठी, आणि सर्व्हिसिंग लागतं ते तिसऱ्या तक्रारीला. कुठली तक्रार कुठल्या घरातली, हे मागचं झाकण न उघडता घरच्या घरी बरंचसं कळू शकतं.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांच्या हातातलं सेको फाइव्ह याचं चांगलं उदाहरण आहे. मुलीने 2019 साली दिलेलं. त्याच वर्षी सेकोने फाइव्ह स्पोर्ट्सची नवी मालिका काढली आणि तिच्यात 4आर36 नावाचं यंत्र बसवलं. बॅटरी नाही, वार आणि तारीख दाखवणारं, चावी चारच्या आकड्याशी, पाठीमागे काच. त्या काचेतून अर्धवर्तुळाकार जड पाळं हलताना दिसतं. याला रोटर म्हणतात. हात हलला की रोटर फिरतो आणि आतली मुख्य स्प्रिंग गुंडाळली जाते. हे घड्याळ काकांच्या नोकरीच्या काळात बिनतक्रार चाललं. निवृत्तीनंतर काही महिन्यांत रोज पहाटे बंद पडू लागलं. दुकानदाराने पाच मिनिटं भिंग लावून पाहिलं आणि सर्व्हिसिंगचा आकडा सांगितला. आकडा ऐकून काका घड्याळ घेऊन माझ्याकडे आले. मी काही कारागीर नाही, पण सोसायटीत जुन्या घड्याळांचं वेड असलेला म्हणून माझं नाव झालेलं आहे.

4आर36 पूर्ण भरलं की सुमारे 41 तास चालतं. पण 'पूर्ण भरलं' हीच अट अवघड आहे. ऑफिसला जाणारा माणूस बस पकडतो, जिने चढतो, फायली उचलतो. दहा-बारा तासांत रोटर स्प्रिंग बऱ्यापैकी भरून टाकतो. निवृत्त माणूस पेपर वाचतो, टीव्ही बघतो, दुपारी आडवा होतो. खुर्चीच्या हातावर ठेवलेलं मनगट रोटरच्या दृष्टीने टेबलावर ठेवलेल्या घड्याळाएवढंच. घरून काम करणाऱ्या तरुणांचंही हेच होतं. कीबोर्डवर बोटं कितीही नाचली तरी मनगट जागचं हलत नाही. दिवसभरात स्प्रिंगमध्ये पंधरा-वीस तासांचीच शिदोरी जमा होत असेल, आणि त्यातलीही दिवसाच खर्च होत असेल, तर घड्याळ पहाटे थांबणारच.

याची परीक्षा सोपी आहे. बंद घड्याळाला हाताने भरपूर चावी द्यायची, वेळ लावायची, आणि ते काचेची बाजू वर करून आडवं ठेवून द्यायचं. हात लावायचा नाही. किती तासांनी थांबतं ते पाहायचं. काकांचं घड्याळ शनिवारी सकाळी आठला ठेवलं, ते रविवारी रात्री दहाला चालू होतं आणि बाराच्या आत थांबलं. म्हणजे अडतीस-चाळीस तास. स्प्रिंग धडधाकट, गाडा सुरळीत. हेच जर वीस-बावीस तासांत बसलं असतं, तर मात्र आत काहीतरी अडतंय असं म्हणता आलं असतं.

चावी द्यायची म्हटल्यावर काकांचा पहिला प्रश्न होता, "किती? तुटली तर?" या पिढीचे हात एचएमटी जनतावर तयार झालेले. बेंगळुरूला 1961 साली जपानच्या सिटिझनच्या साहाय्याने एचएमटीची घड्याळं निघू लागली, आणि रोज सकाळी आंघोळ झाल्यावर चावी द्यायची हा घराघरांतला नेम झाला. त्या घड्याळांत स्प्रिंगचं बाहेरचं टोक डबीच्या भिंतीला पक्कं अडकवलेलं असायचं. चावी भरली की घट्ट व्हायची, आणि तिथे थांबायचं हे बोटांना कळायचं. ऑटोमॅटिकमध्ये तसं करून चालत नाही, कारण रोटर थांबत नाही; माणूस दिवसभर हात हलवत राहिला तर तो स्प्रिंग गुंडाळतच राहील आणि काहीतरी तुटेल. म्हणून इथे स्प्रिंगचं बाहेरचं टोक अडकवलेलं नसतं. ते ताणामुळे डबीच्या आतल्या भिंतीला नुसतं दाबून बसतं आणि स्प्रिंग पूर्ण भरली की भिंतीवरून थोडं सरकतं. चावी देत राहिलात तरी ती घट्ट होणार नाही, आणि तुटणारही नाही. जास्त चावी दिल्याने ऑटोमॅटिक बिघडलं असं कुणी सांगितलं तर फारसं मनावर घेऊ नये.

पण तुटत नाही म्हणून रोज शंभर फेरे द्यावेत असंही नाही. हाताने दिलेली चावी लहान-लहान दातेरी चाकांमधून स्प्रिंगपर्यंत जाते. ही चाकं कधीमधी वापरण्याच्या हिशेबाने केलेली असतात, एचएमटीसारखी रोजच्या चावीसाठी नव्हे. स्वित्झर्लंडच्या ईटीए 2824 सारख्या काही यंत्रांमध्ये तर चावी देताना रोटरच्या बाजूची उलटसुलट फिरणारी चाकंही ओढली जातात. ती कोरडी पडली असतील तर चावी देताना मागच्या काचेतून रोटर पंख्यासारखा गरगर फिरताना दिसतो. असं दिसलं तर चावी देणं थांबवावं. ते घड्याळ खरोखर कारागिराकडे न्यायचं आहे.

काकांसाठी ठरलं ते असं: घड्याळ बंद पडलेलं असेल तर घालण्याआधी सावकाश वीस-पंचवीस फेरे द्यायचे. चालू असेल आणि दिवस घरातच जाणार असेल तर सकाळी आठ-दहा फेरे. चावी देताना घड्याळ हातातून काढायचं, कारण मनगटावर असताना चावीच्या दांड्याला तिरका जोर बसतो. घड्याळ जोरजोरात हलवून सुरू करायची सवय अनेकांना असते. जुन्या 7एस26 यंत्राला हाताने चावी देण्याची सोयच नव्हती, तिथे हळुवार आडवं डोलवणं ठीक होतं. ज्याला चावी आहे त्याला चावी द्यावी.

बंद घड्याळ पुन्हा लावताना आणखी एक जागा जपायची असते. रात्री साधारण 9 ते पहाटे 4 या वेळेत तारीख आणि वार बदलणारे दाते आपापल्या चकत्यांना गुंतलेले असतात. त्या वेळात चावी पहिल्या खाचेवर ओढून तारीख पुढे ढकलली तर दाता तुटू शकतो किंवा वाकतो, आणि मग तारीख अर्धवट अडकते. थांबलेल्या घड्याळावर दहा वाजलेले दिसतात, पण ते सकाळचे की रात्रीचे हे तबकडीवरून कळत नाही. म्हणून आधी काटे साडेसहाच्या आसपास आणायचे, मग कालची तारीख आणि कालचा वार लावायचा, आणि नंतर काटे पुढे फिरवत तारीख बदलेपर्यंत न्यायचं. ती बदलली की मध्यरात्र झाली; तिथून आजची वेळ.

घड्याळ सुरळीत सुरू झालं, आणि पुढच्या महिन्यात काका पुन्हा आले. आता ते पुढे पळत होतं. दुपारच्या बातम्यांना दिवसागणिक जास्त लवकर बसवत होतं. चोवीस तासांत सहा मिनिटं.

इथे एक गोष्ट आधी सांगायला हवी. थोडं पुढे-मागे होणं ही या घड्याळांची जात आहे. 4आर36 साठी सेकोनेच दिलेली मर्यादा दिवसाला 45 सेकंद पुढे ते 35 सेकंद मागे अशी आहे. स्वित्झर्लंडचं क्रोनोमीटरचं प्रमाणपत्र मिळालेल्या महागड्या घड्याळांनाही 4 सेकंद मागे ते 6 सेकंद पुढे एवढी मुभा आहे. वीस सेकंदांसाठी घड्याळ उघडायचं कारण नाही. पण सहा मिनिटं, आणि तीही अचानक? तेल सुकून असं होत नाही. एका रात्रीत काहीतरी घडलेलं असतं.

घड्याळाची चाल ठरते ती बॅलन्स चाक आणि त्याची हेअरस्प्रिंग या जोडीवर. स्प्रिंग केसाहून पातळ, पुष्कळ वेढ्यांची. चाक एकीकडून दुसरीकडे झोके घेतं. या यंत्रात तासाला 21,600 झोके, म्हणजे सेकंदाला सहा. स्प्रिंग जितकी लांब तितके झोके संथ, जितकी आखूड तितके जलद. आता स्प्रिंगचे वेढे चुंबकाने भारले गेले आणि एखाद्या ठिकाणी एकमेकांना चिकटू लागले, तर तेवढी लांबी कामातून बाद होते. स्प्रिंग कापलेली नसते, पण वागते आखूड झाल्यासारखी. हिशेब करून पाहण्यासारखा आहे. दिवसाचे 86,400 सेकंद. त्यात 360 सेकंद पुढे म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी वेग वाढला. वेग लांबीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, त्यामुळे एवढ्यासाठी स्प्रिंगची कामाची लांबी एक टक्क्यानेही कमी व्हावी लागत नाही. वेढ्याचा जेमतेम कणभर भाग चिकटला, तरी काका दुपारच्या बातम्यांना सहा मिनिटं आधी.

पूर्वी साध्या पोलादाची स्प्रिंग असायची. तिला उष्णता आणि चुंबक दोन्ही बाधायचे. चार्ल्स एदुआर गियोम यांनी निकेल आणि लोखंडाचे असे मिश्रधातू शोधले, की तापमान बदललं तरी ज्यांची लांबी किंवा लवचीकता फारशी बदलत नाही. 1920 सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. त्यांच्या मार्गाने आलेल्या स्प्रिंगांनी उष्णतेचा प्रश्न सोडवला. चुंबकाचा धोका कमी झाला, पण संपला नाही. आजकाल काही महागड्या घड्याळांत सिलिकॉनची स्प्रिंग असते, तिला चुंबक काहीच करत नाही. ओमेगाने 2013 साली 15,000 गाऊसपर्यंत टिकणारं यंत्र दाखवलं. आपल्या बहुतेकांच्या मनगटावर मात्र साधी धातूची स्प्रिंग आहे, आणि तिच्यासाठी मान्य मानक 4,800 अँपिअर प्रति मीटरचं आहे, म्हणजे साठेक गाऊस. छोट्याशा स्पीकरच्या चुंबकाला चिकटवून ठेवलं तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

काकांना विचारलं, रात्री घड्याळ कुठे ठेवता? उशाशी. उशाशी म्हणजे? सुनेने भजनं ऐकायला दिलेला डबीएवढा ब्लूटूथ स्पीकर, त्याच्यावर. चकतीसारखा गोल, वरून सपाट, घड्याळ ठेवायला जागा जशी मुद्दाम केलेली.

चुंबकाबाबत जपायचं ते अंतर. छोट्या चुंबकाचं क्षेत्र अंतराच्या घनाने ओसरतं: अंतर दुप्पट केलं की जोर एक अष्टमांशावर येतो. म्हणून स्पर्श घातक आणि वीतभर अंतर निर्धोक. ज्या चुंबकावर घड्याळ टेकलं तर पंचाईत, तोच पाच-सात सेंटिमीटर लांब असेल तर बहुतेक वेळा काही होत नाही. त्या दृष्टीने घरातल्या जागा तपासून पाहाव्यात: स्पीकर, हेडफोनची डबी, टॅब्लेटचं झाकण, पर्सचं चुंबकी बटण, फोनच्या पाठीवर चिकटणारं पाकीट किंवा चार्जर, फ्रीजच्या दारावरची शोभेची चुंबकं, चुंबकी पट्टे आणि उशा. इंडक्शन शेगडीवर भांडं हलवताना मनगट शेगडीच्या अगदी जवळ जातं, तिथे घड्याळ काढलेलं बरं. एमआरआयच्या खोलीत तर ते नेऊच नये. विमानतळावरच्या चौकटीतून जाताना किंवा वायफायच्या राऊटरशेजारी ठेवताना काळजी करायचं कारण नाही.

खात्री करायला शाळेच्या कंपासपेटीत असतं तसं छोटं होकायंत्र पुरतं. ते टेबलावर स्थिर होऊ द्यायचं आणि चालू घड्याळ त्याच्या कडेने हळूहळू न्यायचं. घड्याळात लोखंडी भाग असतातच, त्यामुळे सुई थोडी झुकली तर तेवढ्याने निदान होत नाही. ती चांगलीच ओढली गेली, घड्याळ फिरवल्यावर दिशा बदलून उलटी ओढली गेली, किंवा थरथरू लागली, तर घड्याळ भारलेलं आहे. फोनमधल्या होकायंत्रावर हा प्रयोग करू नये, कारण फोनच्या पोटातच चुंबकं आहेत. काकांच्या घड्याळाला सुई आधी खेचली गेली आणि मग पूर्ण उलटली.

उतारा दोन मिनिटांचा आहे. घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांकडे डिमॅग्नेटायझर नावाची लहान पेटी असते. बटण दाबून धरलं की तिच्यातल्या तारेच्या वेटोळ्यात दिशा बदलणारा प्रवाह वाहतो, आणि तिथलं चुंबकी क्षेत्र सेकंदाला अनेकदा उलटसुलट होतं. घड्याळ त्यावर धरून, बटण दाबलेलंच ठेवून, सावकाश हातभर दूर न्यायचं आणि मगच बटण सोडायचं. दूर जाताना क्षेत्र प्रत्येक उलटीला थोडं क्षीण होत जातं आणि धातूतला चुंबकीपणा विस्कटून शून्याजवळ येतो. घाई करून घड्याळ पेटीवर असतानाच बटण सोडलं, तर शेवटच्या झटक्याला ते पुन्हा भारलं जातं, कधी आधीपेक्षा जास्त. ही पेटी स्वस्तात मिळते आणि लोक घरी आणून नेमकी हीच चूक करतात. आमच्या पेठेतल्या कारागिराने दोनदा फिरवून दिलं. दुसऱ्या दिवशी काकांचं घड्याळ बारा सेकंद पुढे होतं. सेकोच्या मर्यादेच्या बरंच आत.

पेटीनंतरही घड्याळ तसंच पळत राहिलं असतं, तर संशय दुसरीकडे गेला असता: पडल्याने स्प्रिंगचे वेढे एकमेकांत अडकलेत, किंवा तिच्यावर तेलाचा थेंब गेलाय. मग मात्र झाकण उघडण्याला पर्याय नसतो.

बारा सेकंदही ज्याला खुपतात त्याच्यासाठी एक गमतीचा उपाय आहे. घड्याळ आडवं, चावी वर, चावी खाली अशा वेगवेगळ्या ठेवणीत थोड्या वेगळ्या गतीने चालतं. चार रात्री चार ठेवणींत ठेवून सकाळी नोंद केली की कुठल्या ठेवणीत ते मागे पडतं ते कळतं. दिवसा जे पुढे जातं ते रात्री त्या ठेवणीत ठेवून भरून काढायचं. काकांनी एक वही केली आहे.

आता सर्व्हिसिंग. सेकोच्या पुस्तिकेत दोन-तीन वर्षांनी घड्याळ उघडून साफ करून घ्यावं असं सांगितलेलं असतं. ओमेगा पाच ते आठ वर्षं म्हणते, रोलेक्स साधारण दहा. एवढा फरक का, तर उत्तर तेलात आहे. जुनी नैसर्गिक तेलं काही वर्षांत चिकट होऊन सुकायची, त्यातून तीन वर्षांचा दंडक आला. आजची कृत्रिम तेलं पुष्कळ टिकतात, पण तीही सरकतात आणि झिजेच्या भुकटीने गढूळ होतात. किती वर्षांत, हे घड्याळ रोज चालतं की कपाटात असतं, ऊन-घाम किती, पाणी कितपत अडतं यावर ठरतं. म्हणून मी कॅलेंडरपेक्षा घड्याळाच्या वागण्याकडे बघतो. पूर्ण भरूनही ते आधीपेक्षा आठ-दहा तास कमी चालू लागलं, चाल ठेवणीनुसार खूप बदलू लागली, किंवा नेहमी पुढे असणारं कारण नसताना मागे पडू लागलं, तर तेल संपत आलेलं आहे.

कारागिराकडे टाइमग्राफर असेल तर याचा पुरावा मिळतो. त्याच्या पकडीतला मायक्रोफोन टिकटिक ऐकतो आणि दोन कामाचे आकडे दाखवतो: दिवसाची चाल, आणि बॅलन्स चाक किती अंशांचा झोका घेतंय ते. भरलेल्या, आडव्या सेकोत झोका सव्वादोनशे ते पावणेतीनशे अंशांत असला तर निश्चिंत राहावं. दोनशेच्या खाली गेला तर उघडावं. स्विस यंत्रांत हा आकडा जास्त असतो, म्हणून कुणी "तुमचा झोका कमी आहे" म्हणाला तर कुठल्या यंत्राशी तुलना करतोय ते विचारावं.

सर्व्हिसिंगच्या नावाखाली काय होणार आहे हे विचारणं सगळ्यात महत्त्वाचं. खरं काम म्हणजे यंत्र पूर्ण सुटं करणं, एकेक भाग द्रावणात धुणं, वाळवणं, आणि जोडताना प्रत्येक रत्नावर ठरलेलं तेल, डबीच्या भिंतीला वेगळं ग्रीस. बॅलन्सच्या रत्नाखालच्या टिकलीवर तेलाचा गोल टिकलीच्या दोन-तृतीयांशापर्यंत असावा, कडेला लागता कामा नये. इतकं ते मोजून असतं. याउलट झाकण उघडून चार ठिकाणी तेल सोडलं, किंवा न सोडवता यंत्र पेट्रोलमध्ये बुडवून काढलं, तर जुन्या गढूळ तेलात नवं तेल मिसळून चक्क घासायची पूड तयार होते. अशा सर्व्हिसिंगपेक्षा न केलेलं बरं.

स्वस्त घड्याळाच्या बाबतीत कारागीर कधी पूर्ण यंत्रच बदलण्याचा सल्ला देतो. यात फसवणूक असेलच असं नाही. सेको 4आर36 चं बाहेर विकलं जाणारं भावंड म्हणजे एनएच36, आणि नीट केलेल्या सर्व्हिसिंगची मजुरी कित्येकदा त्याच्या किमतीच्या घरात जाते. घड्याळाशी भावना जोडलेली असेल तर जुनं यंत्र साफ करून घ्यावं, नाहीतर बदलून टाकावं. दोन्ही शहाणपणाचे निर्णय आहेत.

या सगळ्याला एक अपवाद आहे, आणि तिथे थांबायची सोय नाही. काचेच्या आत धुकं दिसलं तर ते आपोआप गेलं तरी त्याच आठवड्यात उघडून घ्यावं. पाणी आत गेलं की चावीच्या दांड्यावर आणि हेअरस्प्रिंगवर गंज धरतो, आणि ते दुरुस्तीच्या पलीकडे जातं. आपल्याकडे हे बहुधा पावसाळ्यात घडतं, कारण रबराच्या सीलवर वर्षानुवर्षांचा घाम बसलेला असतो.

काकांच्या घड्याळाचा झोका टाइमग्राफरवर दोनशे चाळीस आला. कारागिराने मागचं झाकण उघडून सील बदलले, चावीच्या सीलला सिलिकॉन ग्रीस लावलं, हवेच्या दाबावर पाण्याची चाचणी केली आणि यंत्राला हात न लावता परत दिलं. झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात महिना आणि वर्ष मात्र कोरून ठेवलं, म्हणजे पुढे कुणीही उघडलं तरी आधीचं काम कधी झालं ते त्याला कळेल. स्पीकर आता पलंगाच्या पायथ्याशी आहे, आणि पुढच्या जूनच्या आधी एकदा झोका पुन्हा मोजायचा, एवढं काकांनी वहीत लिहून ठेवलंय.